क्लियर अर्ध्यात पडतायत, कोपर दुखतंय: रॅकेट बदलू, गटिंग बदलू की शटल?

मागचा_कोपरा
नमस्कार मंडळी. वय ४१, आठवड्यातून तीन संध्याकाळी क्लबमध्ये डबल्स खेळतो. आधी बरीच वर्षं नायलॉन शटलवर खेळलो, गेल्या सहा महिन्यांपासून आमचा ग्रुप पिसांच्या शटलवर आला, म्हणून मग मीही जरा चांगली रॅकेट घेतली. ३यू वजनाची, हेडहेवी, शाफ्ट कडक, आणि एका मित्राने सांगितलं म्हणून गटिंग २८ पाउंडवर करून घेतलं. आता चार महिने झाले. मागच्या रेषेवरून मारलेला क्लियर समोरच्या कोर्टाच्या मध्यापर्यंतच जातो आणि तिथे उभा असलेला माणूस आरामात स्मॅश ठोकतो. कोणी अंगावर ड्राइव्ह मारला की रॅकेट वेळेवर पुढे येत नाही. आणि गेला महिनाभर उजव्या कोपराची बाहेरची बाजू दुखतेय, सकाळी पाण्याने भरलेला तांब्या उचलतानासुद्धा कळ येते.
प्रश्न असा की आता ४यू घेऊ का ५यू? हेडलाइट घेऊ का? आणि क्लबच्या शटल खरेदीचं कामही या महिन्यात माझ्याकडे आलंय, तर शटलचा नंबर कसा निवडायचा तेही सांगा. वेगवेगळ्या ठिकाणी वाचून डोक्याचा भुगा झालाय.

स्मॅशवेडा
रॅकेट बदलू नका हो. हेडहेवी आणि कडक शाफ्ट हे कॉम्बिनेशन स्मॅशसाठी एक नंबर आहे, आणि २८ टेन्शन म्हणजे पॉवर जास्त. सवय व्हायला वेळ लागतो इतकंच. मी पण आधी २४ वर होतो, मग २६, आता २९ वर आहे, शटल असं सुटतं ना हातातून की आवाजच वेगळा येतो. मनगटाचे व्यायाम करा, दोन महिन्यांत फरक दिसेल.

अनुराधा_वि
मला अगदी असंच झालं होतं, त्याला टेनिस एल्बो म्हणतात. सगळ्यात आधी खेळ बंद करा आणि फिजिओला दाखवा. मी दुखत असताना खेळत राहिले आणि मग सात महिने घरी बसले. पट्टा लावून खेळू नका, पट्ट्याने दुखणं झाकलं जातं.

मागचा_कोपरा
ताई, फिजिओची वेळ घेतली आहे, शनिवारी जातोय. पण परत खेळायला लागलो की तीच रॅकेट हातात येणार ना, म्हणून हा धागा.

गटिंग_काका
मी क्लबात बरीच वर्षं गटिंग करतो आणि खेळतोही. मालक, नवीन रॅकेट घ्यायच्या आधी मला चार गोष्टी सांगा, नाहीतर आपण सगळे अंदाजाने बोलत बसू.
एक, किचनच्या काट्यावर रॅकेट ठेवा, आहे तशी, तारा आणि ग्रिपसकट, वजन किती येतं. दुसरं, टेबलाच्या कडेला एक स्टीलची पट्टी उभी धरा, तिच्या धारेवर रॅकेटचा शाफ्ट आडवा ठेवा आणि पुढेमागे सरकवत बघा कुठे समतोल राहतो, त्या जागेपासून मुठीच्या बुडापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये. तिसरं, शाफ्ट जिथे मुठीत शिरतो तिथल्या कोनवर बारीक अक्षरात काय छापलंय. चौथं, हल्ली शटल कुठल्या नंबरचं वापरताय आणि हॉल गार आहे की गरम.
आणि स्मॅशवेडा भाऊ, टेन्शन वाढवलं की पॉवर वाढते हे उलटं आहे. सैल जाळी शटलबरोबर जास्त आत जाते आणि त्याला परत फेकते, म्हणजे हाताचा वेग कमी असला तरी शटल लांब जातं. घट्ट जाळी कमी वाकते, तिथे फेकण्याचं काम तुमच्या हातालाच करावं लागतं. त्या बदल्यात शटल नेमकं जिथे पाठवायचं तिथे जातं आणि आवाज टणक येतो. ज्याचा स्विंग जोरदार आहे आणि जो दर वेळी जाळीच्या मधोमध मारतो त्याला २९ पाउंड शोभतात, कारण पॉवर त्याच्या हातात आधीच आहे. तुम्हाला सूट होत असेल तर उत्तमच, पण धागाकर्त्याला सूट होईलच असं नाही.

स्मॅशवेडा
काका, पण मग मोठे खेळाडू ३० च्या वर का करून घेतात?

गटिंग_काका
त्यांच्या हाताचा वेग बघा आणि ते किती वेळा गटिंग बदलतात ते बघा. घट्ट जाळीत मधला गोड भाग छोटा होतो. त्यांचं शटल त्या छोट्या भागातच लागतं. आपल्यासारख्यांचं मॅचच्या शेवटी, दमल्यावर, फ्रेमपासून दोन बोटांवर लागतं. सैल जाळीवर तो फटका कसाबसा पलीकडे जातो, २८ वर तिथून फक्त टक्क आवाज येतो आणि झटका सरळ हातात येतो. माझ्याकडे तार तुटून आलेल्या रॅकेटी बघितल्या तर ज्या फार घट्ट असतात त्यांची तार बहुतेक वेळा मधोमध झिजून नाही, तर वरच्या कडेला एका चुकलेल्या फटक्यात तुटलेली असते.

मागचा_कोपरा
काका, मोजलं.
वजन ९६ ग्रॅम. कंपनीने तर ३यू लिहिलंय, म्हणजे ८५ ते ८९ ना? म्हणजे मला चुकीची रॅकेट मिळाली का? समतोल २९९ मिमीला आला, कंपनीच्या माहितीत मात्र २९७ लिहिलंय. कोनवर २० ते २७ पाउंड असं छापलंय. हे वाचून मला धक्काच बसला, कारण गटिंग २८ वर केलंय आणि करणाऱ्याने मला काहीच विचारलं नाही.
शटल ७६ नंबर. आधीच्या माणसाने उन्हाळ्यात घेतलेल्या ट्यूबा आहेत त्याच वापरतोय. हॉल मात्र सध्या चांगलाच गार असतो, सुरुवातीला स्वेटर घालून वॉर्मअप करतो.

गटिंग_काका
मिळालेली रॅकेट बरोबर आहे. यू चा आकडा रिकाम्या फ्रेमचा असतो. तारेचे साधारण ५ ग्रॅम आणि वरून गुंडाळलेल्या ओव्हरग्रिपचे ५ ग्रॅम काढा, ९६ मधून ८६ राहतात, म्हणजे बरोबर ३यू.
समतोलाचं मात्र जरा नीट समजून घ्या, कारण इथे बरेच लोक फसतात. २९७ हा रिकाम्या रॅकेटचा आकडा. तार लागते ती डोक्यात, बुडापासून साधारण ५४५ मिमी लांब. ८६ ग्रॅम २९७ वर आणि ५ ग्रॅम ५४५ वर, असं तराजूसारखं मांडलं की नवा समतोल ३१० च्या आसपास येतो. म्हणजे नुसत्या तारेने रॅकेट १३-१४ मिमी डोक्याकडे सरकली. मग तुम्ही मुठीवर ५ ग्रॅमची ग्रिप गुंडाळली, ती बुडापासून जेमतेम ९० मिमीवर, तिने समतोल ११-१२ मिमी मागे खेचला. झाला परत २९९. तुमची मोजणी आणि कंपनीचा आकडा जवळ आले तो निव्वळ योगायोग, दोन्ही आकडे वेगवेगळ्या अवस्थेतले आहेत. दोन रॅकेटी ताडून बघायच्या तर दोन्ही रिकाम्या तरी हव्यात नाहीतर दोन्ही तयार तरी. एकीचा कंपनीचा आकडा आणि दुसरीचा घरी मोजलेला, असं चालत नाही.
रिकाम्या रॅकेटीत साधारण २८५ ते २९५ ला मी समसमान म्हणतो, त्याच्या वर हेडहेवी, खाली हेडलाइट. तुमची किंचित हेडहेवी आहे, भयंकर वगैरे नाही.

रेषेवर
छान समजावलंत काका. एक भर घालतो, याच हिशोबामुळे ग्रिप हे सगळ्यात स्वस्त औजार आहे. हेडहेवी रॅकेट जड वाटत असेल तर आणखी एक ओव्हरग्रिप गुंडाळून दोन संध्याकाळी खेळून बघा, समतोल अजून १० मिमीच्या आसपास मागे येतो. वजन वाढतं, पण ते मुठीत वाढतं, त्याने स्विंग फारसा जड होत नाही. मी स्वतः सिंगल्स खेळायचो तेव्हा तीच रॅकेट हिवाळा-उन्हाळा दोन वेगवेगळ्या ग्रिपांनी वापरली आहे.

गटिंग_काका
हो, पण मूठ जाड झाली की ती घट्ट धरली जाते, बोटांची हालचाल मरते आणि कोपरावर तेच ओझं येतं. आमच्याकडे जी४ आणि जी५ जास्त येतात, त्यात आकडा मोठा तर मूठ बारीक. मूठ आधीच जाड असेल तर आतली मूळ ग्रिप काढून नुसती ओव्हरग्रिप लावायची, मात्र त्याने वजन मुठीतून कमी होतं आणि रॅकेट पुन्हा डोक्याकडे झुकते. कोपर दुखणाऱ्या माणसाने मुठीची जाडी आधी बघावी, समतोल नंतर.
आता शटलकडे येऊ. मला वाटतं तुमच्या आखूड क्लियरचं निम्मं कारण तिथेच आहे. त्याची टेस्ट नियमातच दिलेली आहे. मागच्या रेषेवरून, पूर्ण ताकदीने, अंडरहँड, वर आणि बाजूच्या रेषेला समांतर फटका मारायचा. शटल पलीकडच्या मागच्या रेषेच्या ५३ सेंमी ते ९९ सेंमी आधी पडलं तर वेग बरोबर. त्याहूनही आधी पडलं तर स्लो, रेषेच्या अगदी जवळ किंवा बाहेर गेलं तर फास्ट. उद्या करून कळवा. नवीन ट्यूबमधली शटलं घ्या, जुनी नको.

नायलॉनप्रेमी
म्हणून मी म्हणतो नायलॉनच बरं. एक शटल आठवडाभर चालतं, टेस्टबिस्टची भानगड नाही.

रेषेवर
भानगड नायलॉनलाही आहे हो. टोपीवरच्या पट्टीचा रंग बघा, हिरवा स्लो, निळा मध्यम, लाल फास्ट. गरम हवेत हिरवा, गारठ्यात लाल. हिवाळ्यात हिरवा वापरलात तर तिथेही क्लियर आखूडच पडणार. आणि नायलॉनवर खेळलेला माणूस पिसांवर आला की पहिले काही महिने त्याला सगळंच आखूड वाटतं, कारण पिसांचं शटल सुरुवातीला जोरात सुटतं पण पुढे हवा त्याला पटकन अडवते आणि ते उभंच खाली येतं. नायलॉन तसं येत नाही, ते रेंगाळत पुढे जातं. धागाकर्त्याच्या तक्रारीत हाही एक भाग आहे असं मला वाटतं.

मागचा_कोपरा
टेस्ट केली. मी मारलं तेव्हा शटल रेषेच्या जवळजवळ १ मीटर ९० सेंमी आधी पडलं. मला वाटलं ट्यूबच खराब आहे. मग क्लबमधल्या एका २२ वर्षांच्या मुलाला दिलं, त्याच ट्यूबमधली सहा शटलं, तर त्याची सगळी १ मीटर २० ते १ मीटर ४० च्या मध्ये पडली. म्हणजे ६० सेंमीचा फरक माझ्या हाताचा आहे तर.

गटिंग_काका
बघा, हेच हवं होतं. टेस्ट नेहमी अशाच माणसाकडून करून घ्यायची ज्याचा फटका पूर्ण आणि दर वेळी सारखा असतो, आणि एका शटलवर निष्कर्ष काढायचा नाही. सहा शटलं २० सेंमीच्या टप्प्यात पडली म्हणजे ट्यूब चांगली आहे, फक्त हवेला स्लो आहे.
नंबर एकाने वाढला की साधारण ३० सेंमी लांब जातं. त्याची १ मीटर ३० धरली तर ७७ ने १ मीटरवर येईल, म्हणजे अजूनही हद्दीच्या जरा बाहेर. ७८ ने ७० सेंमीवर, अगदी मधोमध. सध्या ७८ घ्या. ७६ च्या ट्यूबा फेकू नका, उन्हाळा आला की त्याच लागतील, गरम हवा विरळ असते त्यामुळे शटल तिच्यातून जास्त पळतं. उंच डोंगरावरच्या हॉलमध्येही याच कारणाने कमी नंबर लागतो.
काही कंपन्या ७५-७६ ऐवजी १ ते ५ असे आकडे छापतात, तिथेही मोठा आकडा म्हणजे फास्ट. एकाच वेळी सगळ्या हंगामाचा साठा करू नका, आधी दोन ट्यूबा आणा, टेस्ट करा, मग बाकीचा माल.

स्मॅशवेडा
आमच्याकडे शटल स्लो असलं की पिसांची टोकं थोडी आत दाबतात, लगेच फास्ट होतं. बाहेर वाकवली की स्लो. नवीन घ्यायची गरजच नाही.

गटिंग_काका
वेग बदलतो हे खरं आहे, पण सोळाच्या सोळा पिसं सारखी वाकवणं हाताने जमत नाही. एखादं कमीजास्त झालं की शटल हवेत डगमगतं, आणि डगमगणाऱ्या शटलवर तुम्ही कितीही चांगली रॅकेट घेतलीत तरी फटका मधोमध बसायचा नाही. सरावाला एखादं शटल असं केलंत तर ठीक. क्लबची खरेदी त्यावर अवलंबून ठेवू नका.
गारठ्यात हवा कोरडी असेल तर पिसं तडकतात, त्यावर वाफ देतात. ट्यूबच्या पिसांकडच्या बाजूचं झाकण उघडून वाफेवर थोडे सेकंद धरायचं, बुचाकडची बाजू बंद ठेवायची, मग झाकण लावून रात्रभर राहू द्यायचं. जास्त वाफ दिली तर पिसं जड होऊन गळतात, शटल मऊ पडतं. पहिल्यांदा एकाच ट्यूबवर करून बघा आणि वाफ दिलेल्या शटलाची परत टेस्ट घ्या.

अनुराधा_वि
थोडं विषयांतर करते, माझी मुलगी ११ वर्षांची आहे, आत्ताच कोचिंगला घातलंय. तिथे एकीने सांगितलं की ५यू रॅकेट लहान मुलांची असते, ती घ्या. बरोबर आहे का? आणि टेन्शन किती?

रेषेवर
५यू म्हणजे ७५ ते ७९ ग्रॅमची रिकामी रॅकेट, लहानांची-मोठ्यांची असा शिक्का तिच्यावर नाही, बरेच मोठे लोक डबल्सला वापरतात. तुमच्या मुलीला हलकी, समसमान समतोलाची, लवचीक शाफ्टची आणि बारीक मुठीची द्या, गटिंग २० च्या आसपास. ती क्लियर मागच्या रेषेपर्यंत अंग न वाकवता पोहोचवू लागली की मग टेन्शनचा विचार. मुलांना हेडहेवी दिली की ती मनगटाऐवजी अख्ख्या खांद्याने ओढायला लागतात आणि ती सवय पुढे सुटत नाही.

मागचा_कोपरा
काका, फिजिओ म्हणाली दोन आठवडे रॅकेट हातात घ्यायची नाही, मग हळूहळू. त्या दरम्यान गटिंग काढून टाकतो. किती पाउंडवर आणि कोणती तार?

गटिंग_काका
२३.५. तुमच्या हाताला मी याहून वर जाणार नाही. तार ०.७० मिमी जाडीची घ्या, बीजी ६५ त्याच जाडीची, टिकते आणि रोजच्या खेळाला बरी. पातळ तारा, म्हणजे ०.६५-०.६६ वाल्या, जास्त उसळतात, आवाजही गोड, पण लवकर तुटतात, तुम्ही वारंवार गटिंग करून घेणारे नाही असं धरून चालतो.
जुनी तार काढताना एका कडेने कापत जाऊ नका. मधोमध कात्री लावा आणि उभ्या-आडव्या तारा मधून बाहेर कापत या, नाहीतर एका बाजूचा ताण फ्रेमला वाकवतो. कापून झाल्यावर फ्रेमवरून नखाने फिरवून बघा, केसासारखी रेघ कुठे अडकते का, विशेषतः डोक्यावर आणि खाली दोन्ही खांद्यांजवळ. हद्दीच्या वर गटिंग झालंय म्हणून सांगतोय. प्लास्टिकच्या नळ्या चिरलेल्या असतील तर त्या बदलून घ्या, त्यांच्या धारेवर नवी तार पंधरा दिवसांत तुटते.
गटिंग करणाऱ्याला सांगा की उभ्या २३.५ आणि आडव्या एखाद पाउंड वर. आणि मशीनवरचा आकडा म्हणजे रॅकेटमधला आकडा नव्हे, पहिल्या दिवसातच दीड-दोन पाउंड उतरतात.

रेषेवर
इथे मला एक शंका आहे. काका म्हणतात २८ मुळे कोपर दुखलं. पण चार महिन्यांपूर्वीचं २८ आज २८ राहिलेलं नाही, ते कदाचित २४ च्या खाली आलं असेल. मग दुखणं टेन्शनचं कसं?

गटिंग_काका
शंका रास्त आहे. माझं मत असं की जुनी उतरलेली तार आणि नवी सैल तार एक नाही. जुन्या तारेचा ताण जातो तसा तिचा उसळण्याचा गुणही जातो, ती मेलेली असते, शटलला परत ढकलत नाही. मग माणूस नकळत जास्त जोर लावतो. म्हणजे पहिल्या महिन्यात घट्टपणाने झटके बसले आणि नंतरच्या तीनात मेलेल्या तारेने जोर लावायला लावला. पण हे मी माझ्या हातावरून आणि क्लबातल्या लोकांवरून सांगतोय, कोपराचं नेमकं कारण फिजिओच सांगेल. ७६ च्या शटलवर गारठ्यात जीव तोडून क्लियर मारणं हेही कारण असू शकतं.

रेषेवर
मला तर ते शेवटचंच मुख्य वाटतं. असो, कुठलंही असलं तरी उपाय तेच आहेत, हे मान्य.

मागचा_कोपरा
साडेचार आठवड्यांनी परत आलो, उशीर झाला.
फ्रेमला रेघ नाही, देवाची कृपा. खांद्याजवळच्या दोन नळ्या चिरलेल्या होत्या, त्या बदलल्या. ०.७० ची तार, २३.५ आणि आडव्या २४.५. ७८ च्या दोन ट्यूबा आणल्या, त्याच मुलाकडून टेस्ट घेतली, सहाही शटलं ६० ते ८० सेंमीच्या मध्ये पडली. पहिल्या संध्याकाळी अर्धा तासच खेळलो, फक्त क्लियर आणि नेटवरचा खेळ. क्लियर डबल्सच्या मागच्या सर्व्हिस लाइनवरून जाऊ लागले, म्हणजे रेषेपासून पाऊण मीटरपेक्षा कमी अंतरावर. विशेष म्हणजे दमल्यावरसुद्धा. तारेच्या कडेला लागलेलं शटलही पलीकडे जातं, हे मी चार महिने विसरूनच गेलो होतो. कोपर ७०-८० टक्के बरं आहे, तांब्या उचलताना आता कळ येत नाही.
पण ड्राइव्हचा प्रश्न तसाच आहे. अंगावर आलेल्या फटक्याला रॅकेट उशिरानेच येते. म्हणून एका मित्राची ४यू समसमान रॅकेट मागून आणली, ८२ ग्रॅमची रिकामी, आणि दोन गेम खेळलो. बचाव एकदम सोपा झाला, नेटजवळ तर रॅकेट आपोआप वर येत होती. पण स्मॅश पोकळ लागतो, शटल जमिनीकडे जातं पण जोर नाही. आता काय करू?

गटिंग_काका
मित्राच्या रॅकेटला गटिंग किती आणि कधीचं?

मागचा_कोपरा
२६ वर, म्हणतो सहा-सात महिने झाले असतील.

गटिंग_काका
मग ही तुलना ग्राह्य नाही. एकीकडे तुमची नवी २३.५ ची तार, दुसरीकडे सात महिन्यांची मेलेली. स्मॅश पोकळ लागला तो रॅकेटमुळे की तारेमुळे ते यातून कळत नाही. मित्राला विचारून त्याच्या रॅकेटला तुमच्यासारखीच तार, तोच आकडा करून घ्या, खर्च तुम्ही करा, त्याचंही काम होईल. मग एकाच संध्याकाळी, एकाच ट्यूबमधल्या शटलांवर, एक गेम या रॅकेटने आणि एक त्या. दुसऱ्या संध्याकाळी क्रम उलटा, म्हणजे दमलेला हात दर वेळी एकाच रॅकेटला मिळणार नाही. एकाला सांगून ठेवा की तुम्ही बचावात किती ड्राइव्ह परत पाठवले ते मोजायचं, तुमच्या हाताला काय वाटतं यावर जाऊ नका, नवी वस्तू हातात आली की सगळंच छान वाटतं.

स्मॅशवेडा
मी असतो तर मी हेडहेवी सोडली नसती, डबल्समध्ये मागच्या माणसाच्या हातात जोर हवाच.

रेषेवर
ते धागाकर्ता जोडीत मागे किती वेळ असतो यावर आहे. नाव मागचा_कोपरा असलं तरी ४१ वर्षांचा माणूस तीन गेमनंतर बहुतेक वेळ नेटजवळ किंवा बाजूबाजूला बचावातच असतो, असा माझा अनुभव. तसं असेल तर ४यू समसमान. तुम्ही मागे असता की पुढे?

मागचा_कोपरा
खरं सांगायचं तर पहिल्या गेमला मागे असतो, तिसऱ्याला जोडीदार मला पुढे ढकलतो. मित्र तयार झालाय, शुक्रवारी त्याची रॅकेट गटिंगला देतोय, २३.५ आणि २४.५, तीच तार. दोन्हींच्या मुठीवर नवी ओव्हरग्रिप लावून पट्टीवर समतोल मोजून मगच खेळतो आणि इथे लिहितो.

अनुराधा_वि
आणि त्या संध्याकाळी कोपराला नंतर बर्फ लावा, आणि दोन दिवसांनी कसं वाटतं तेही लिहा. मला खेळताना कधीच दुखायचं नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी दुखायचं.